नोकरीच्या शोधात : मुलाखत पुन्हा पुढे ढकलली तर

पुण्यात टेस्टिंगचं काम करणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. मंगळवारी साडेपाचच्या ऑनलाइन मुलाखतीसाठी तिने अर्धी रजा टाकली आहे. पाच वाजून दहा मिनिटांनी रिक्रूटरचा व्हॉट्सॲप येतो, ‘पॅनेल बिझी आहे, गुरुवारी करू या.’ गुरुवारी पुन्हा तेच, आता सोमवार.

पहिल्या वेळी कारण बहुधा खरंच असतं. मुलाखत घेणारे आपापलं काम सांभाळून वेळ काढतात आणि रिलीज अडकला की त्यांना उठावंच लागतं. तेव्हा सोयीच्या दोन वेळा कळवाव्यात आणि विषय सोडावा. दुसऱ्या वेळी मात्र नुसतं ‘ओके, नो प्रॉब्लेम’ लिहून भागत नाही. वेळ मिळत नाहीये की जागाच डळमळीत झाली आहे, हे आता समजायला हवं. बजेट अडकलेलं असतं, किंवा आतल्याच कुणाचा विचार चाललेला असतो. कन्सल्टन्सीच्या रिक्रूटरला हे अनेकदा कंपनीने सांगितलेलंच नसतं. त्याला पैसे सहसा उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात, म्हणून उमेदवार हातचा जाऊ नये यासाठी तो तारखा देत राहतो. त्याच्यावर चिडून काही हाती लागत नाही, पण त्याला विचारता येतं.

मेसेजऐवजी फोन करावा. ‘जागा अजून चालू आहे ना? माझा प्रोफाइल कंपनीत नेमका कुणी पाहिला? त्या पदासाठी बाकीच्यांच्या मुलाखती झाल्या का?’ उत्तरं ठाम आली तर थांबायला हरकत नाही. ‘बघून सांगतो’ एवढंच ऐकू आलं तर आधीचं कॅलेंडर निमंत्रण उघडून पाहावं. त्यात कंपनीच्या पत्त्यावरून पॅनेलवरचं कुणी जोडलेलं आहे का? निमंत्रणच आलं नसेल आणि सगळं व्हॉट्सॲपवरच ठरत असेल, तर पॅनेलला ही वेळ कळवली होती की नाही, अशी शंका घ्यायला जागा आहे.

मग एक मेल लिहावा: ‘दोन वेळा मुलाखत ऐनवेळी रद्द झाली. दोन्ही दिवशी मी रजा घेतली होती. या पदात मला अजून रस आहे. सोमवारी सकाळी साडेनऊ किंवा बुधवारी संध्याकाळी सात, यांपैकी एक वेळ पॅनेलकडून पक्की करून शुक्रवारपर्यंत निमंत्रण पाठवावं. ते आलं नाही तर मी हा अर्ज थांबला असं समजेन.’ यात तक्रारीचा सूर नको, आणि दुसरी ऑफर असल्याची थाप तर मुळीच नको. रिक्रूटरने तिचं पत्र मागितलं की पंचाईत होते.

दोन्ही वेळा ऑफिसच्या आधीच्या आणि नंतरच्या आहेत, हे मुद्दाम. या मुलाखतीसाठी आता आणखी रजा घालवू नये.

शुक्रवारपर्यंत निमंत्रण आलं तर मुलाखत मनापासून द्यावी. शेवटी प्रश्न विचारायला सांगतात, तेव्हा ‘ही जागा कधीपासून रिकामी आहे, आणि का?’ हे मॅनेजरलाच विचारावं. निमंत्रण आलं नाही तर पुन्हा फोन करू नये. त्या मुलीचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर तेवढा काळ थांबायला तयार असलेली कंपनी शोधायलाच वेळ लागतो, तेव्हा बाकीचे अर्ज त्याच आठवड्यात पुढे न्यावेत.