कोरडा चिया आणि वरून पाणी

2014 साली फिलाडेल्फियात पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत अमेरिकेतल्या एका रुग्णाची हकीकत मांडली गेली. वय 39. घास अधूनमधून छातीत अडकल्यासारखा वाटे, हा जुना त्रास. त्याने एक मोठा चमचा कोरडा चिया तोंडात टाकला आणि वरून पेलाभर पाणी प्यायला. थोड्या वेळात पोटाच्या वरच्या भागात दुखू लागलं, आणि मग काहीच गिळता येईना. दुर्बिणीतून पाहिलं तर अन्ननलिका चियाच्या घट्ट लगद्याने बंद झाली होती. नेहमीची दुर्बीण त्यातून पुढे जाईना. शेवटी लहान मुलांसाठीची बारीक दुर्बीण वापरून डॉक्टरांनी तो लगदा थोडा थोडा करून पोटात ढकलला.

दाणे गिळताना लहान आणि सुटे असतात, म्हणून ते सहज खाली उतरतील असं वाटतं. पण चियाच्या सालीत पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. आपल्या वजनाच्या वीसपटीहून अधिक पाणी चिया शोषू शकतो. निरोगी अन्ननलिका दाणे फुगण्याआधीच पुढे ढकलते. ती अरुंद किंवा मंद असेल तर दाणे तिथेच रेंगाळतात, फुगतात, एकमेकांना चिकटतात. आपला सबजाही असाच फुगतो. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्या असं सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे.

म्हणून चियाने फुगायचं ते वाटीत. एक चमचा दाण्यांना आठ-दहा चमचे पाणी घाला, पाच मिनिटांनी ढवळून गुठळ्या मोडा आणि अर्धा तास तरी ठेवा. प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण दिसलं आणि तळाशी कोरडा गोळा उरला नाही, की भिजला म्हणायचं. दह्यावर कोरडा भुरभुरून लगेच खाल्लं, तर ते भिजवणं नव्हे.

भिजवल्याने अन्ननलिकेत फुगण्याचा धोका कमी होतो, पण सगळ्यांचा प्रश्न सुटत नाही. पक्षाघात किंवा पार्किन्सन असलेल्यांना बऱ्याचदा घशातच गिळणं जमत नाही. पातळ पाणी आणि त्यात सुटे दाणे असं मिश्रण त्यांना अवघडच जातं; पाणी आधी घसरतं, दाणे मागे राहतात आणि श्वासनलिकेत जाऊ शकतात. जेवताना वारंवार ठसका लागणं, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर होणं ही त्याची लक्षणं. अशा माणसाला गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय चिया, भिजवलेलाही, देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चिया खाल्ल्यावर छातीत अडकल्यासारखं वाटलं आणि थुंकीसुद्धा गिळता येईनाशी झाली, तर ते खाली उतरवण्यासाठी आणखी पाणी पाजू नका. ताबडतोब एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगा.