अमुक्करा, सर्दीचं सायरप आणि रात्रीची गोळी

जायफळावरचा लेख पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. लेख अर्धा झाला होता, तेवढ्यात चेन्नईच्या शोळिंगनल्लूरहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्याला उत्तर लगेच द्यायला हवं होतं. नवरा-बायको दोघेही ओएमआरवरच्या आयटी कंपन्यांत नोकरीला. सासूबाई गावाहून राहायला आल्या आहेत, वय ६८. त्या कित्येक वर्षं रात्री अर्ध्या मिलिग्रॅमची क्लोनाझेपामची गोळी घेतात. नव्या जागी झोप लागेना, म्हणून शेजारच्या तमिळ मावशींनी मायेनं ‘अमुक्करा चूरणम्’ आणून दिलं: रात्री दुधातून एक चमचा. त्याच आठवड्यात सासूबाईंना सर्दी झाली आणि घरात होतं ते सायरप सुरू झालं. दहाएक दिवसांत त्या दुपारी पेपर हातात धरूनच पेंगायला लागल्या, सकाळी जीभ जड वाटू लागली, आणि रात्री बाथरूमला जाताना भिंतीचा आधार घ्यावा लागू लागला. सूनबाई विचारतात, ‘चूर्ण तर वनस्पतीचं आहे. त्यानं असं होईल का?’

अमुक्करा म्हणजे आपली अश्वगंधा. सिद्ध वैद्यकात हे चूर्ण फार जुनं आहे. त्यात अश्वगंधेच्या मुळाबरोबर सुंठ, मिरी, पिंपळी, लवंग, वेलदोडा, नागकेशर आणि साखर असते. शोळिंगनल्लूरहून मेडवाक्कममार्गे तांबरमला गेलं की राष्ट्रीय सिद्ध संस्था लागते. तिथले वैद्य हे औषध रोग्याला तपासून देतात. शेजारणीनं दिलेल्या डब्याला ती तपासणी नसते, आणि इथे नेमकी तीच हवी होती.

आधी अश्वगंधेनं झोप किती येते ते पाहू. २०१९ मध्ये डॉ. दीपक लांगडे आणि सहकाऱ्यांनी निद्रानाशाच्या ६० रुग्णांवर केलेला अभ्यास मला नेहमी उपयोगी वाटतो, कारण त्यात फरक मिनिटांत मोजला आहे. मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा आठवडे. शेवटी अर्क घेणाऱ्यांना डोळा लागायला सरासरी २९ मिनिटं लागत होती, आणि औषध नसलेली दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांना ३४. म्हणजे दहा आठवड्यांनी पाच मिनिटांचा फरक. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी खरी झोप किती, हे प्रमाणही अर्क घेणाऱ्यांत जास्त सुधारलं. पुढे २०२१ मध्ये अशा पाच चाचण्या एकत्र करून पाहिल्या, मिळून ४०० माणसं. निष्कर्ष तसाच: परिणाम आहे, पण लहान. दिवसाला ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त आणि आठ आठवडे किंवा अधिक घेतलं तर तो जास्त दिसतो. पहिल्या रात्री गाढ झोप देणारं हे औषध नव्हे. शिवाय चमचाभर चूर्ण आणि मोजून बनवलेला अर्क यांचा हिशेब एक धरता येत नाही.

ब्राह्मीबद्दल लोकांचा विश्वास मोठा आहे, पण पुरावा मुख्यतः स्मरणशक्तीचा. झोप नीट लागत नाही असं सांगणाऱ्या १०० जणांना २८ दिवस ब्राह्मीचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा झोपेत औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त सुधारणा दिसली नाही. मनाला मात्र थोडं बरं वाटलं. जटामांसीचं उलट आहे. उंदरांना झोपेचं औषध दिल्यावर जटामांसीनं ती झोप लांबते, हे जुन्या प्रयोगांत दिसलं आहे, पण माणसांवरच्या चांगल्या चाचण्या फारच थोड्या. मला इथे धोक्याचा इशारा दिसतो: एकटी जटामांसी किती झोपवते ते ठरलेलं नसलं, तरी दुसऱ्या झोपेच्या औषधाला ती हातभार लावू शकते. अश्वगंधेच्या बाबतीतही प्राण्यांत असंच आढळलं आहे.

आता सासूबाईंची गोळी. क्लोनाझेपाम शरीरातून निम्मं व्हायला साधारण ३० ते ४० तास घेतं. रात्री दहाला गोळी घेतली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग शिल्लक असतो. त्यावर रात्री पुढची गोळी पडते. आठवडाभरात साठा स्थिरावतो, तेव्हा शरीरात एका गोळीच्या सुमारे अडीचपट औषध असतं. याउलट, झोल्पिडेम घेणाऱ्याच्या अंगात सकाळपर्यंत जेमतेम काही टक्केच उरतं. वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे सासूबाई क्लोनाझेपामचा हा साठा पेलत होत्या. त्यावर दोन गोष्टी आल्या: चूर्ण, आणि सायरप. सायरपची बाटली पाहून नाव कळवा म्हटलं, तर त्यात क्लोरफेनिरामिन निघालं. ते सर्दीचं जुनं औषध आहे, झोप आणतं, आणि वयस्कर माणसांत त्याचा परिणाम जास्त वेळ टिकतो.

मेंदूची चाल मंद करणाऱ्या गोष्टींची अशी बेरीज होते. त्यातली एखादी कमी ताकदीची असली तरी ती बेरीज कमी करत नाही, भरच घालते. माझा पहिला संशय सायरपवर आहे, चूर्णावर दुसरा. त्या चूर्णातल्या मिरी-पिंपळीलाही मी सोडत नाही. त्यातल्या पायपरिनमुळे प्रोप्रॅनोलॉल आणि थिओफिलिन ही औषधं रक्तात जास्त चढतात, असं माणसांवरच्या प्रयोगात दिसलं आहे. क्लोनाझेपामवरही तसंच होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण सासूबाई इतर कोणत्या गोळ्या घेतात ते डॉक्टरांना सांगताना चूर्णाचा डबाही दाखवावा, एवढं त्यावरून ठरतं.

सूनबाईंना मी कळवलं ते असं. चूर्ण आणि सायरप दोन्ही थांबवा. गोळीला हात लावू नका. वर्षानुवर्षांची क्लोनाझेपाम एकदम बंद केली तर झोप पूर्ण उडते, हातपाय थरथरतात, क्वचित झटकेही येतात. ती कमी करायची तर डॉक्टर हळूहळू करतात. दारू असेल तर तीही नको. दिवसा कधी डुलकी लागते, चालताना तोल कधी जातो, हे रोज वेळेसकट लिहून ठेवा. सासूबाईंना विचारून भागणार नाही, कारण गुंगीतल्या माणसाला आपण किती मंदावलो आहोत ते कळत नाही. रात्री वाटेत दिवा ठेवा. चारपाच दिवसांत दिवसाची पेंग उतरली तर कारण ही बेरीजच होती. उतरली नाही तर सोडियम, साखर, थायरॉइड आणि डोक्याला मार लागला होता का, हे डॉक्टरांनी पाहायला हवं. पाच दिवसांच्या नोंदीवर गोष्टी वेगळ्या करायच्या तर सायरप बंद राहू द्या, आणि चूर्ण पुन्हा सुरू करण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या. गाढ घोरत असताना श्वास मध्येच थांबत असेल, तर या औषधांची बेरीज मुळीच चालणार नाही. हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास मंद झाला असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक विचारलं आहे: दुकानदार ‘झोपेची आयुर्वेदिक गोळी’ म्हणून दुसरीच डबी देतो, ती चालेल का? डबीवरची घटकांची यादी वाचा. अशा काही गोळ्यांत जटामांसीबरोबर सर्पगंधा असते, आणि सर्पगंधेतलं रेसर्पिन रक्तदाब उतरवतं. सासूबाई रक्तदाबाची गोळीही घेतात, असं पत्रात एका ओळीत आहे. त्यामुळे ती डबी परत करा.