हरवलेले पार्सल आणि भरपाईचा दावा

कुरिअरचे पार्सल हरवते तेव्हा शोधाची सुरुवात शेवटच्या स्कॅनपासून करावी लागते. पावतीवरील डॉकेट क्रमांक टाकला की पार्सल शेवटी कोणत्या हबवर, कोणत्या तारखेला स्कॅन झाले ते दिसते. हबवर पोहोचल्याची नोंद असेल पण तिथून निघाल्याची नसेल, तर ते बहुधा तिथेच पडून असते किंवा चुकीच्या बॅगेत गेलेले असते. लेबल फाटल्याने ओळख हरवलेली पार्सलेही हबवर साठून राहतात. म्हणून तक्रारीत खोक्याचा आकार, रंग, वजन आणि आतला माल लिहावा. त्यावरूनच ते सापडू शकते. ‘डिलिव्हर्ड’ दिसत असूनही माल मिळाला नसेल, तर पीओडी, म्हणजे सही घेतलेली पोच मागावी. ती सही कोणाची, हे त्यावरून कळते.

फोनवरच्या आश्वासनांत दिवस निघून जातात. कुरिअर संस्थाही 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात येतात आणि त्याच्या कलम 16 नुसार दावा गुदरण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत. तक्रार क्रमांक म्हणजे नोटीस नव्हे. त्यामुळे पत्र पोच घेऊन किंवा स्पीड पोस्टाने पाठवावे आणि ईमेलही करावा. सोबत बुकिंगची पावती, मालाचे बिल, पाठवणाऱ्याचे ओळखपत्र, आधीचा पत्रव्यवहार आणि माल मिळाला नसल्याचे घेणाऱ्याचे लेखी निवेदन जोडावे. मूळ कागद स्वतःकडे ठेवून प्रतीच द्याव्यात.

माल फुटून आला असेल, तर पोचेवर सही करतानाच ‘खोके फाटलेले, आतला माल फुटलेला’ असा शेरा लिहावा. खोके, लेबल आणि आतले वेष्टन यांचे फोटो काढावेत आणि पाहणी होईपर्यंत काहीही टाकू नये. वेष्टन कच्चे होते, हा कंपनीचा नेहमीचा बचाव असतो आणि त्याला उत्तर त्या वेष्टनातच असते.

रक्कम किती मिळेल, हे मात्र बुकिंगच्या वेळीच बरेचसे ठरलेले असते. समजा, 8,400 रुपयांच्या साड्या 260 रुपये भाड्याने इचलकरंजीहून नागपूरला रस्त्याने निघाल्या. जादा जोखीम दर भरलेला नसेल, तर नियमानुसार जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, म्हणजे 2,600 रुपयांपर्यंतच राहते. पावतीवर किंमत 1,000 लिहिली असेल, तर तीच मर्यादा ठरते. चार पैसे वाचवायला किंमत कमी लिहिणारे इथेच फसतात. पावतीमागच्या अटीही हलक्या समजू नयेत. 1996 मध्ये ‘भारती निटिंग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेली शंभर डॉलरची मर्यादा ग्राह्य धरली होती.

कंपनी दाद देत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग असतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो.