जावक झाली, पोच कुठे आहे?

वकिलांच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो तेव्हा पहिल्या दिवशी हातात आलं ते जावक रजिस्टर. पत्र निघालं की क्रमांक, तारीख, कोणाला, कशाने, असं ओळीने लिहायचं. मला शिकवणारे जुने कारकून एक गोष्ट बजावून सांगायचे. रजिस्टरमधली नोंद म्हणजे पत्र आपल्या दारातून बाहेर पडलं, एवढंच. ते पोचलं की नाही, हे पोस्टाची पोचपावती परत येईल तेव्हा कळणार. समोरच्याची सही असलेलं ते कार्ड आलं की फाईलला टाचायचं आणि मगच ते काम संपलं म्हणायचं.

आता नोटिसा मेलने जातात आणि हा फरक लोकांच्या मनातून पुसला गेलाय. अशील मोबाईल पुढे करून Sent फोल्डर दाखवतात आणि म्हणतात, "हे बघा, पाठवलंय. तारीख आहे, वेळ आहे." त्यांना दरवेळी सांगावं लागतं की हे तुमचं जावक रजिस्टर झालं. पोच दाखवा.

हे मी पाठ केलेलं वाक्य म्हणून सांगत नाही. आमच्याच टेबलावर एकदा एक प्रकरण थोडक्यात बचावलं, ते सांगतो.

भोसरीतल्या एका लहान कारखानदाराचं काम होतं. ज्या कंपनीला तो माल द्यायचा, तिच्याशी झालेल्या करारात एक कलम होतं. हिशेबावर हरकत असेल तर हिशेब मिळाल्यापासून 7 दिवसांत कळवायची, तीही करारात लिहिलेल्या ठरावीक मेल पत्त्यावर. अशील आमच्याकडे आले तो सहावा दिवस, सोमवार. साहेबांनी हरकतीचं पत्र तयार केलं. मी चलनं, वजनाच्या पावत्या आणि जुनी बिलं रंगीत स्कॅन केली. तीन फायली झाल्या, मिळून साधारण 16 एमबी. पावणेपाचला मेल पाठवला, Sent मध्ये दिसला, अशील घरी गेले.

Sent फोल्डरमध्ये तो मेल दिसणं म्हणजे नेमकं काय? आम्ही ऑफिसात थंडरबर्ड वापरतो. पाठवण्याचं बटण दाबलं की तो दोन वेगळी कामं करतो. मेल सर्व्हरच्या हवाली करणं हे एक, आणि त्याची एक प्रत आपल्या Sent फोल्डरमध्ये ठेवणं हे दुसरं. ती प्रत आपल्याच संगणकाने केलेली असते. हे डोळ्यांनी बघता येतं. Sent मधला मेल उघडून Ctrl+U दाबलं की मेलचा मूळ मजकूर दिसतो. आलेल्या कुठल्याही मेलच्या डोक्यावर `Received:` ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वेळेसकट वर चढवतो, जसा पोस्टाच्या पाकिटावर प्रत्येक ऑफिसचा शिक्का पडायचा. आमच्या Sent मधल्या प्रतीवर तशी एकही ओळ नसते. शिक्का न पडलेली ती ऑफिस कॉपी आहे, बाहेर गेलेलं पाकीट नव्हे.

म्हणून ती प्रत निरुपयोगी आहे असं मात्र नाही. काय पाठवलं, हे तिच्यावरून कळतं, आणि मी ती त्यासाठीच तपासतो. यादीतली ओळ बघून थांबत नाही, मेल उघडतो. पत्ता म्हणून दिसणारं नाव सोडून त्यामागचा पूर्ण पत्ता अक्षर न् अक्षर करारातल्या पत्त्याशी ताडून बघतो, कारण दोन अक्षरं टाईप केली की थंडरबर्ड जुना पत्ता आपणहून पुढे करतो. तो पत्ता चालू असेल तर मेल चुकीच्या माणसाकडे बिनबोभाट जातो आणि परतही येत नाही. मग जोडलेली प्रत्येक फाईल Sent मधूनच उघडून शेवटच्या पानापर्यंत जातो. त्या सोमवारी हे सगळं केलं होतं. पत्ता बरोबर होता, फायली उघडत होत्या.

मंगळवारी, सातव्या दिवशी, सकाळी Junk फोल्डर चाळताना `MAILER-DAEMON` कडून आलेला मेल दिसला. विषय होता `Undelivered Mail Returned to Sender`. आमचा मेल परत आला होता, आणि परत आल्याची चिठ्ठी आमच्याच गाळणीने कचऱ्यात टाकली होती. आत हे होतं:

```
Action: failed
Status: 5.3.4
```

पहिली ओळ सांगते की पोचवणं फसलं. दुसरीतला पहिला 5 म्हणजे कायमचा नकार, तोच मेल पुन्हा पाठवून उपयोग नाही. तिथे 4 असता तर अडचण तात्पुरती, असा अर्थ झाला असता. तशा वेळी पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि तो बहुधा चार-पाच दिवसांनी हात टेकतो. सात दिवसांच्या मुदतीत हे चार-पाच दिवस फार महागात पडतात, म्हणून "परत आला नाही म्हणजे पोचला" हा हिशेब आठवडाभर तरी धरता येत नाही. 5.3.4 म्हणजे मेल त्या सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठा. खालच्या इंग्रजी मजकुरात मर्यादा 20 एमबीची दिली होती.

अशील म्हणाले, "पण फायली तर 16 एमबीच्या होत्या ना?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मेलमधून फाईल आहे तशी जात नाही, तिचं साध्या अक्षरांत रूपांतर होतं. दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, शिवाय ओळी तोडण्याची चिन्हं पडतात. वजन तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्तच वाढतं. आमचे 16 एमबी वाटेत सुमारे 22 झाले होते. तेव्हापासून मी स्कॅन काळे-पांढरेच करतो आणि एका मेलचं वजन 10 एमबीच्या वर जाऊ देत नाही.

त्याच दिवशी दुपारी बारा वाजता 4 एमबीच्या फायलींनी मेल पुन्हा पाठवला. या वेळी दोन पावत्या मागितल्या. लोक या दोन पावत्यांची गल्लत करतात, पण त्या देणारे वेगवेगळे असतात. पहिली पोचल्याची, ती सर्व्हर देतो. दुसरी वाचल्याची, ती समोरच्याचा मेल प्रोग्रॅम देतो.

पहिली मिनिटभरात आली:

```
Action: relayed
Status: 2.0.0
Diagnostic-Code: smtp; 250 2.0.0 Ok: queued as 7B2D9401C3
```

माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातला सर्वांत वजनदार कागद हाच. 250 म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला आणि इथून पुढची जबाबदारी त्याची. शेवटचा आकडा तर त्यांच्या सर्व्हरने त्यांच्याकडच्या नोंदीसाठी दिलेला क्रमांक आहे. सोप्या भाषेत, तो त्यांचा आवक क्रमांक. कोणी म्हणालं की मिळालंच नाही, तर त्यांच्या संगणक विभागाला हा क्रमांक आणि वेळ देऊन नोंद शोधायला सांगता येतं. `relayed` हा शब्द मात्र नीट वाचायला हवा. पुढच्या सर्व्हरला मेल दिला, पण तो सर्व्हर अशा पावत्या देत नाही, त्यामुळे आत पेटीपर्यंत काय झालं ते सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. तिथून तो मेल त्यांच्या स्पॅममध्येही गेलेला असू शकतो.

कायद्याला किती लागतं, हे साहेबांनी तेव्हा समजावून सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 13 प्रमाणे, पक्षांनी वेगळं काही ठरवलं नसेल आणि समोरच्याने स्वीकारण्यासाठी ठरावीक संगणक-व्यवस्था नेमून दिली असेल, तर मेल तिच्यात शिरला की मिळाला असं धरतात. वाचला की नाही, हा प्रश्न तिथे येत नाही. म्हणूनच करारातल्या त्या पत्त्याला एवढं महत्त्व होतं.

वाचल्याची पावती गुरुवारी आली. अशिलांना फार आनंद झाला, आणि मला त्यांना आवरावं लागलं. त्या पावतीत कामाची ओळ एकच होती:

```
Disposition: manual-action/MDN-sent-manually; displayed
```

मेल पडद्यावर उघडला गेला आणि "पावती पाठवू का?" या प्रश्नाला कोणीतरी हो म्हणालं, इतकंच ही ओळ सांगते. कोण, ते सांगत नाही. कंपनीची ती पेटी दोन-तीन माणसं बघत असतील. जोडलेल्या फायली उघडल्या का, तेही सांगत नाही. या पावत्यांचं जे तांत्रिक मानक आहे, त्यातच लिहिलंय की `displayed` म्हणजे मजकूर वाचला किंवा समजला याची हमी नव्हे.

उलट बाजूने तर ती आणखी कच्ची आहे. पावती आली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. समोरचा नाही म्हणू शकतो, त्याचा प्रोग्रॅम न विचारताच नाही म्हणू शकतो. कधी `Not read` अशी पावती येते, म्हणजे न वाचता खोडला. पण आउटलुकमध्ये बाजूच्या चौकटीत पूर्ण मेल वाचून, तो वाचलेला अशी खूण न पडता खोडला, तरी हीच पावती निघते. अशा पावतीवरून कोणावर दुर्लक्षाचा आरोप करू नये.

व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांबद्दल अशील हमखास विचारतात. मुंबई उच्च न्यायालयात 2018 साली न्या. गौतम पटेल यांनी पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं होतं, कारण खुणांवरून संदेश पोचल्याचं आणि उघडल्याचं दिसत होतं. ते एका प्रकरणातलं, त्यातल्या वस्तुस्थितीवरचं मत. पोलिसांनी हजर राहण्यासाठी द्यायची नोटीस व्हॉट्सॲपने देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली सांगितलं. शिवाय निळी खूण सेटिंगमधून बंद करता येते. मग वाचूनही दोन करड्याच खुणा राहतात.

भोसरीच्या त्या प्रकरणात शेवटी उपयोगी पडली ती तिसरीच गोष्ट. वाचल्याची पावती आल्यावर मी कंपनीच्या हिशेब विभागात फोन केला आणि म्हटलं, "मॅडम, आमचा मंगळवारचा मेल आणि तिन्ही जोडपत्रं मिळाली, एवढी एक ओळ लिहून पाठवाल का?" त्यांनी दहा मिनिटांत पाठवली. मेल मंगळवारी मिळाल्याचं आणि तीनही फायली उघडत असल्याचं त्या ओळीत होतं, खाली त्यांचं नाव आणि हुद्दा. सर्व्हरच्या पावतीसोबत ती छापून फाईलला लावली, जिथे पूर्वी पोस्टाचं कार्ड टाचायचो तिथेच.

तेव्हा मुदतीचा मेल पाठवलात तर तासाभराने Junk उघडून बघा, आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. आणि तुम्हाला कोणाचा असा मेल आला, तर "मिळाला, जोडपत्रं उघडली" एवढं त्याच दिवशी कळवा.