रिकामी राहिलेली तारीख

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाली होती. भरतीचं काम पाहणाऱ्या बाईंनी पंधरवड्यात तीन उमेदवार निवडले आणि त्यातला एक पहिल्या पसंतीचा ठरवला. सांगली जिल्ह्यातला, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला मुलगा. प्लँटवरच्या साहेबांनी मुलाखतीत त्याच्यापुढे एक नाकारलेला भाग ठेवला आणि दोष कुठे आहे ते विचारलं. त्याने उत्तर देण्याआधी ड्रॉइंग मागितलं. साहेबांना तेवढं पुरेसं झालं.

ऑफर लेटर तयार करण्याआधी बाईंनी रिवाजाप्रमाणे त्याच्याकडे पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागितली. पगारातून पीएफ कापला जाणाऱ्या प्रत्येकाला बारा आकडी यूएएन असतो. 2014 पासून ही सोय आहे. नोकरी बदलली तरी हा नंबर तोच राहतो आणि त्याखाली प्रत्येक कंपनीची नोंद चढत जाते: कंपनीचं नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. सीव्ही उमेदवार स्वतः लिहितो. ही यादी मात्र त्याच्या हातात नसते, म्हणून एचआरवाले सीव्हीपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवतात.

सीव्हीत दोन कंपन्या होत्या. पहिली डिसेंबर 2022 पर्यंत, दुसरी एप्रिल 2023 पासून आजपर्यंत. मधल्या तीन महिन्यांपुढे ‘घरगुती कारण’ असं लिहिलेलं. सर्व्हिस हिस्टरीत मात्र तीन नावं निघाली. तिसरं नाव रांजणगावच्या एका कंपनीचं होतं, रुजू तारीख 9 जानेवारी 2023, आणि नोकरी सोडल्याच्या तारखेचा रकाना रिकामा.

ही रिकामी जागा एचआरच्या डोळ्याला कशी दिसते ते समजून घेतलं पाहिजे. सोडल्याची तारीख नाही, म्हणजे कागदोपत्री माणूस अजून तिथेच कामाला आहे. एप्रिलपासून तो दुसरीकडेही पगार घेतोय. म्हणजे एक नोकरी लपवली, वर एकाच वेळी दोन पगार. बाईंनी कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावापुढे ‘रिजेक्ट’ निवडलं आणि कारणाच्या यादीतून ‘माहितीत तफावत’. सॉफ्टवेअरने आपलं ठरावीक पत्र पाठवून दिलं: आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार, भविष्यासाठी शुभेच्छा. अशा पत्रात खरं कारण कधीच नसतं. एकतर वाद वाढतो, दुसरं म्हणजे कारण लिहून दिलं की ते सिद्ध करायची जबाबदारी अंगावर येते. उमेदवाराला वाटतं आपण मुलाखतीत कमी पडलो.

या मुलाला तसं वाटलं नाही. कागद त्यानेच पाठवला होता, त्यामुळे गाडी कुठे अडली असणार हे त्याला कळलं. दोन दिवसांनी त्याची मेल आली. बाईंनी ती मला नाव झाकून दाखवली. मजकूर थोडक्यात असा:

‘मॅडम, रांजणगावची नोकरी मी सीव्हीत लिहिली नाही. तिथे क्वालिटीचं काम सांगून मला रात्रपाळीला लाइनवर उभं केलं. 27 फेब्रुवारीनंतर मी गेलो नाही, नोटीस दिली नाही, त्यामुळे रिलीव्हिंग लेटरही नाही. प्लेसमेंटवाल्यांनी ती नोंद टाकू नकोस असं सुचवलं, पण सीव्ही माझा आहे. कंपनीने माझी सोडल्याची तारीख भरलेली नाही. पीएफचं पासबुक जोडलंय, त्यात तिथली फक्त दोन महिन्यांची वर्गणी दिसेल. तुमचा निर्णय बदलला नाही तरी ही माहिती तुमच्याकडे असावी.’

अशा अर्जावर नकारानंतर येणाऱ्या मेली भरतीवाल्यांना पाठ असतात. ‘एक संधी द्या’, ‘घरची परिस्थिती बिकट आहे’, नाहीतर ‘तुमच्या सिस्टीमची चूक आहे’. वाचणाऱ्याला वाईट वाटतं, पण त्या मेलीचं करायचं काय, हा प्रश्न उरतो. दयेच्या आधारावर बदललेला निर्णय वरिष्ठांपुढे मांडता येत नाही. या मेलीत दोन गोष्टी वेगळ्या होत्या. तपासता येईल असा कागद तिला जोडलेला होता, आणि नोटीस न देता निघून गेल्याची, म्हणजे स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्ट त्याने कुणी न विचारता सांगितली होती. माझ्या मते दुसरीपेक्षा पहिली जास्त कामाला आली. नुसती प्रांजळ कबुली असती तर बाईंनी मेल वाचून बंद केली असती. तसं त्या स्वतःच म्हणाल्या.

पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाईत एचआरवालेही फक्त दुसरी पाहतात. पासबुकात कंपनीवार आणि महिनावार वर्गणी दिसते. माणूस खरोखर दोन ठिकाणी पगार घेत असेल आणि दोन्हीकडे पीएफ कापला जात असेल, तर एकाच महिन्यापुढे दोन कंपन्यांच्या नोंदी येतात. इथे रांजणगावच्या नावावर जानेवारी आणि फेब्रुवारी 2023, एवढंच. पुढे काही नाही. एप्रिलपासून सगळी वर्गणी सध्याच्या कंपनीची.

पण पीडीएफ खाडाखोड करून पाठवता येते. म्हणून बाईंनी त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि त्याच्याच मोबाइलवर आलेल्या ओटीपीने, स्क्रीन शेअर करून, पासबुक समोर उघडायला लावलं. तेच आकडे. मग त्यांनी त्याला पोर्टलवर `Manage` मध्ये जाऊन `Mark Exit` करायला सांगितलं. कंपनीने तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर कर्मचारी ती स्वतः भरू शकतो. मात्र तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली लागते. 27 फेब्रुवारी त्यात बसत होती. पुष्कळांना ही सोय माहीत नसते आणि रकाना वर्षानुवर्षं तसाच राहतो.

दोन पगारांचा संशय गेला. नोकरी लपवल्याचा मुद्दा राहिलाच, आणि तो खोटा नव्हता. ‘रिजेक्ट’ झालेला अर्ज पुन्हा उघडायला एचआर प्रमुखांची मंजुरी लागत होती. बाईंनी शेऱ्यात तीन वाक्यं लिहिली: काय लपवलं, काय तपासलं, काय अजून तपासता आलेलं नाही. प्रमुखांनी विचारलं, “उद्या आपल्याकडूनही असाच निघून गेला तर?” त्यावर बाईंकडे उत्तर नव्हतं. प्लँटवरचे साहेब म्हणाले, “तो धोका मी घेतो, मला माणूस पाहिजे.” दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराची नोटीस नव्वद दिवसांची होती, हेही कारण होतंच. त्याला ऑफर आधीच गेलेली असती तर कितीही खरी मेल आली असती, तरी जागाच उरली नसती.

मुलाकडून दुरुस्त केलेला सीव्ही आणि रिलीव्हिंग लेटर नसल्याचं लेखी निवेदन घेतलं. पगार मुलाखतीत ठरला होता तेवढाच दिला.

महिन्याभरात बाईंना दुसऱ्या एका उमेदवाराची अशीच मेल आली. भाषा जास्त नम्र, कारण जास्त हळवं, आणि सोबत पासबुक. त्यात सलग पाच महिन्यांपुढे दोन-दोन कंपन्यांची वर्गणी होती. तो अर्ज त्यांनी उघडला नाही.