खडा असो की मंगळयान, मुक्तिवेग एकच

१ डिसेंबर २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर मंगळयानाचं इंजिन सुमारे २२ मिनिटं पेटलं आणि यान पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटलं. त्याआधी ते लांबट कक्षेत पृथ्वीभोवती फिरत होतं. शेवटच्या कक्षेत तर ते १ लाख ९२ हजार किलोमीटर दूर जाई आणि तरीही परत येई. कारण त्याच्याजवळची ऊर्जा किंचित कमी पडत होती.

वर फेकलेल्या वस्तूचा वेग गुरुत्वाकर्षणामुळे घटत जातो. जितकी गतिज ऊर्जा कमी होते, तितकीच स्थितिज ऊर्जा वाढते. दोन्हींची बेरीज बदलत नाही. मग कायमचं दूर जायला अमर्याद ऊर्जा लागेल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही, कारण अंतर दुप्पट झालं की ओढ चौपटीने घटते. त्यामुळे वाट कितीही लांबली, तरी एकूण खर्च mgR या मर्यादेपलीकडे जात नाही. जमिनीवरचं वजन जराही कमी न होता वस्तू पृथ्वीच्या त्रिज्येइतकी, म्हणजे ६,४०० किलोमीटर उचलावी लागली असती, तर जेवढी ऊर्जा लागली असती, तेवढाच हा खर्च. एका किलोसाठी तो सुमारे ६.३ कोटी ज्यूल येतो.

ही सगळी ऊर्जा सुरुवातीच्या वेगातूनच मिळवायची, म्हणून

½mv² = mgR

वस्तुमान m दोन्ही बाजूंना आहे. दहापट जड वस्तू वर न्यायला दहापट ऊर्जा लागते खरी, पण त्याच वेगाने जाणाऱ्या दहापट जड वस्तूजवळ ऊर्जाही दहापटच असते. m गळून पडतो आणि v = √(2gR) उरतं. g ९.८ आणि R ६४ लाख मीटर घेतल्यास उत्तर येतं सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर. फेक सरळ असो वा तिरकी, वाटेत जमीन आडवी आली नाही म्हणजे झालं!

जड यानाला मोठा अग्निबाण लागतो, तो वेग जास्त हवा म्हणून नव्हे; तोच वेग जास्त किलोंना द्यायचा असतो म्हणून. मंगळयान उड्डाणाच्या वेळी १,३३७ किलोचं होतं. पृथ्वीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर उंचीवर मुक्तिवेग १०.९७ किलोमीटर असतो. शेवटच्या कक्षेत तिथून जाताना यानाचा वेग १०.८च्या आसपास होता. इंजिनाने त्यात आणखी सुमारे ०.६५ किलोमीटरची भर घातली आणि यान सुटलं. त्या जागी खडा असता, तरी त्याला हाच उंबरठा ओलांडावा लागला असता.

या हिशेबात हवेचा अडथळा धरलेला नाही. वस्तू ग्रहाच्या तोडीची जड असेल, तर ग्रहही तिच्याकडे ओढला जातो आणि हे सूत्र लागू पडत नाही. ११.२ हा आकडाही जमिनीवरून एकदाच फेकलेल्या वस्तूचा आहे. इंजिन चालू असेल, तर अग्निबाण हळूहळू वर गेला तरी चालतं. आणि चंद्र स्वतःच पृथ्वीच्या ओढीत बांधलेला असल्याने, तिथवर जायला चांद्रयान-३ला मुक्तिवेग गाठावाच लागला नाही.