उकाड्यात केस रंगवताना

कलपाच्या खोक्यातल्या पत्रकावर ‘30 मिनिटे ठेवा’ असं छापलेलं असतं. वाचणारी व्यक्ती एसीच्या खोलीत बसली आहे की मे महिन्यात दादरच्या दोन खोल्यांत घामाघूम झाली आहे, हे त्या पत्रकाला ठाऊक नसतं. मुंबईपासून रत्नागिरी, पणजीपर्यंतच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा बहुधा 33-34 अंशांच्या आसपास असतो, पण हवा इतकी दमट की अंगावरचा घाम वाळत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत एकच तोडगा निघतो: गरम आहे, रंग लवकर चढेल, 20 मिनिटांत धुऊन टाकू. आणि पंधरवड्यात कानशिलांवरचे पांढरे केस तांबूस होऊन पुन्हा डोकावू लागतात.

असं का होतं, हे कळायला वाटीत काय चाललंय ते पाहावं लागेल. घरी वापरायच्या क्रीम कलपाचे दोन भाग असतात. ट्यूबमधल्या क्रीममध्ये रंगाचे बारीक, जवळजवळ बिनरंगी कण आणि अमोनिया किंवा त्यासारखा अल्कधर्मी घटक असतो. बाटलीतल्या डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. पांढरे केस झाकायला बहुधा 6 टक्क्यांचं. अमोनियामुळे केसाचं खवल्यांचं आवरण फुगून सैल होतं, बारीक कण आत शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे आतल्या आत एकमेकांना जोडले जाऊन मोठे, गडद होतात. मोठे झाले की त्यांना सहज बाहेर पडता येत नाही, म्हणून रंग टिकतो. जोडणी अर्धवट असताना डोकं धुतलं, तर रंग लालसर दिसतो आणि शाम्पूबरोबर निघून जातो. पांढरा केस जाड आणि चिवट असेल, तर रंग आत शिरायलाच जास्त वेळ लागतो.

उष्णतेने ही सगळी क्रिया वेगाने होते, हे खरंच आहे. पण ती फक्त डोक्यावर वेगाने होत नाही, वाटीतही होते. मिश्रण कालवल्या क्षणापासून कण एकमेकांना जोडले जायला सुरुवात होते आणि उकाड्यात ते बाहेरच मोठे होऊन बसतात. मग केसांत शिरणार कसे? सुरुवातीला लावलेल्या भागावर ताजं मिश्रण जातं आणि शेवटच्या भागावर शिळं. पुढे काळंकुळीत नि मागे फिकं अशी जी तक्रार उन्हाळ्यात ऐकू येते, तिचं मूळ बरेचदा घड्याळात नसून वाटीत असतं. म्हणून उन्हाळ्यात पहिला बदल मिनिटांचा नाही, कालवण्याचा करायचा: क्रीम आणि डेव्हलपर पत्रकातल्याच प्रमाणात, पण निम्मं निम्मं, दोनदा कालवायचं. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घ्यावी, कारण धातूच्या संपर्कात पेरॉक्साइड लवकर विघटित होऊ शकतं.

दमट हवेची गोष्ट आणखी वेगळी. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात पंख्याखाली बसलं, तर क्रीम केसांवरच वाळतं आणि वाळलं की रंग चढणं थांबतं. तिथे प्लास्टिकची टोपी उपयोगी पडते. कोकणपट्टीत क्रीम सहसा वाळत नाही. उलट टाळूवर सुटणारा घाम त्यात मिसळतो, ते पातळ होतं आणि कपाळावर, कानामागे ओघळतं. इथे टोपी घातली, तर आत ऊब साठून मुळांशी रंग अधिक गडद होतो आणि घाम वाढतो तो निराळाच. टोपी नको, पंखा मात्र चालू हवा, तोही थोडा लांबून.

समजा, पन्नाशीच्या एका बाईंचे निम्मे केस पांढरे आहेत. दीड महिन्यापूर्वी कलप लावला होता, त्यामुळे मुळाशी दोनेक सेंटीमीटर नवी वाढ दिसते. केस आदल्या संध्याकाळी धुतलेले, टाळूवर घामोळं किंवा ओरखडा नाही, आणि त्याच कलपाचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास वाट पाहिलेली. दुपार टाळून त्या सकाळी 7 वाजता पहिली निम्मी वाटी कालवतात. आधी भांग आणि कानशिलं, कारण पांढरे केस तिथेच जास्त आणि तिथलेच चिवट. केसांच्या पातळ बटा वेगळ्या करून ब्रशने फक्त नव्या वाढीवर क्रीम भरायचं. जुन्या रंगवलेल्या लांबीवर नाही. 7 वाजून 10 मिनिटांनी दुसरी वाटी, मागच्या भागासाठी. 7:20 ला लावून संपलं. पत्रक सांगतं, लावून झाल्यावर 30 मिनिटं, म्हणजे 7:50. ही झाली शेवटची मर्यादा.

7:40 ला त्या आरशासमोर उभ्या राहतात. वरून पाहिलं तर सगळंच काळं दिसतं, पण त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. क्रीमचा वरचा थर हवेनेही काळवंडतो. आतल्या केसाची खूण त्यातून मिळत नाही. ओल्या टिश्यूने कानशिलाजवळची एक बट मुळापासून पुसून काढायची, उजेडात धरायची आणि शेजारच्या जुन्या रंगवलेल्या केसांशी ताडून पाहायची. पुसलेली बट तांबूस किंवा धुरकट राखी दिसली, तर रंग अजून पुरा जोडलेला नाही: तिथे क्रीम पुन्हा लावून 5 मिनिटं थांबायचं. रंग जुळला, तर 10 मिनिटं खरोखरच वाचली. शेवटच्या तीनेक मिनिटांत हात ओले करून मुळांवरचं क्रीम टोकांपर्यंत ओढलं, की जुना फिकटलेला भागही उजळतो. सुरुवातीपासून पूर्ण लांबीवर लावलं असतं, तर टोकं दर खेपेला गडद होत गेली असती.

काळेभोर केस तपकिरी करायचे असतील, तर क्रम नेमका उलटा. टाळूच्या उबेने मुळांशी पेरॉक्साइड केसांचा मूळ रंग झपाट्याने उतरवतं आणि तिथे भगवट पट्टा उमटतो. त्यामुळे मुळाचा सव्वा-दीड सेंटीमीटर भाग सोडून आधी लांबीवर लावावं आणि मुळांना शेवटी, पत्रकातल्या वेळेची 10-15 मिनिटं उरली असताना हात घालावा.

घामाचा खरा धोका डोळ्यांना आहे. कपाळाच्या कडेला लावलेलं व्हॅसलीन उकाड्यात वितळून खाली सरकतं आणि ओघळणारा घाम कलपासकट भुवईपर्यंत पोचतो. केसांच्या कडेखाली सुती कापडाची पट्टी बांधावी, घाम पुसू नये तर टिपावा. कलप डोळ्यात गेलाच तर भरपूर साध्या पाण्याने लगेच धुऊन डॉक्टर गाठावा. टाळूची आग होऊ लागली किंवा पापण्या सुजल्या, तर घड्याळ न पाहता डोकं धुऊन टाकावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

धुताना आणखी एक गोष्ट सांभाळायची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं आणि गरम पाण्याने नुकताच चढलेला रंग निघतो. सकाळीच बादली भरून ठेवावी, पाणी नितळ येईपर्यंत धुवावं आणि त्यानंतर दोन दिवस शाम्पू लावू नये. वाटीत उरलेलं मिश्रण पुढच्या वेळेसाठी बाटलीत भरून बूच लावून ठेवण्याचा मोह होतो. पण पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो, उष्णतेने अधिकच, आणि बंद बाटली फुगून फुटू शकते. ते लगेच टाकून द्यावं.